पापणीला वेगळी क्रीम लागते का? वाचकांचे प्रश्न, त्वचारोगतज्ज्ञाची उत्तरं

चेहऱ्याचं मॉइश्चरायझर १०० ग्रॅम ३०० रुपयांना मिळतं आणि आय क्रीमची १५ ग्रॅमची ट्यूब ९०० रुपयांना. खरंच वेगळी घ्यावी लागते का?
– एक वाचक, पुणे

नाही.

इथेच थांबले असते, पण हाच प्रश्न दर महिन्याला येतो, म्हणून थोडं सविस्तर. तुमच्याच आकड्यांनी हिशोब केला तर एक ग्रॅम मॉइश्चरायझर ३ रुपयांना पडतं आणि एक ग्रॅम आय क्रीम ६० रुपयांना. वीसपट पैसे मोजून मिळतं काय, ते ट्यूबच्या मागे वाचा. बहुतेक ठिकाणी ग्लिसरीन, डायमेथिकोन, पेट्रोलेटम, सेरामाइड, हायल्युरॉनिक अॅसिड हीच नावं दिसतील, आणि तीच तुमच्या चेहऱ्याच्या बाटलीवरही असतात.

जाहिरातीत सांगतात की पापणीची त्वचा सगळ्यांत नाजूक असते. ते खरंच आहे. तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, अनेकदा त्याहूनही कमी. खाली चरबीचा थर जवळजवळ नाही, तेलग्रंथी थोड्या, आणि लावलेलं औषध तिथून झपाट्याने आत शिरतं. पण यावरून कंपनी म्हणते ‘म्हणून आणखी एक क्रीम लावा’, आणि मी म्हणते ‘म्हणून तिथे कमीत कमी गोष्टी लावा’. नाजूक जागेला जितके जास्त घटक भेटतील, तितकी त्यातला एखादा न मानवण्याची शक्यता वाढते.

चेहऱ्याचं सौम्य मॉइश्चरायझर पापणीलाही पुरतं. ‘सौम्य’ म्हणजे माझ्या लेखी सुगंध नसलेलं, सुगंधी तेलं नसलेलं, आणि ग्लायकोलिक अॅसिड, रेटिनॉल, व्हिटॅमिन सी यांपैकी काही नसलेलं. लेबलवर ‘अनसेंटेड’ लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. मूळ वास झाकायला त्यातही सुगंध घातलेला असू शकतो. घटकांच्या यादीत ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ शोधा. ‘डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड’ या शब्दांना मी तरी काही किंमत देत नाही. काय तपासलं, किती जणांवर, निकाल काय आला, यातलं त्यावर काहीच लिहिलेलं नसतं.

तुमच्याकडे आधीच आय क्रीम आहे आणि ती चुरचुरत नाही? मग संपवा. फेकायचं कारण नाही. चेहऱ्याचं मॉइश्चरायझर डोळ्यांत उतरून झोंबत असेल तर घट्ट पोताची, बिनवासाची दुसरी क्रीम निवडा. तिच्यावर ‘आय’ लिहिलेलं असलंच पाहिजे असं नाही.

क्रीम वरच्या पापणीला लावायची की फक्त डोळ्यांखाली? आणि किती?
– एक वाचक, कोल्हापूर

दोन्ही डोळ्यांना मिळून मुगाच्या दाण्याएवढी. डोळ्याभोवतीचं हाड बोटाला लागतं ना, त्या कडेवर लावा. अंगाच्या उबेने ती आपोआप थोडी पसरते, म्हणून पापणीच्या केसांच्या मुळांपर्यंत नेऊ नका. चोळून जिरवू नका. सकाळी उठल्यावर धूसर दिसत असेल तर रात्री जास्त लागली असं समजा. कमी लावूनही धूसरपणा राहिला तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

सासूबाई म्हणतात, बदाम तेल किंवा साजूक तूप लाव, क्रीमची गरजच नाही.
– एक वाचक, सोलापूर

कोरड्या त्वचेवर तूप चालेल, काळी वर्तुळं त्याने जाणार नाहीत, आणि सुवासिक बदाम तेल पापणीपासून लांब ठेवा.

चार महिने झाले, दोन्ही वरच्या पापण्यांना खाज येते, लाल होतात, पोपडे निघतात. तीन आय क्रीम बदलल्या, शेवटची सगळ्यांत महाग होती. एकही मानवली नाही. केमिस्टने दिलेली एक ट्यूब लावली की दोन दिवसांत बरं वाटतं, पण थांबवली की पुन्हा तेच. आता कोणती क्रीम घेऊ?
– एक वाचक, ठाणे

कोणतीही घेऊ नका. हा कोरडेपणा नाही. बहुधा हा पापणीचा इसब आहे, आणि अशा इसबाच्या मुळाशी बरेचदा कशाची तरी अॅलर्जी असते. चार महिने तुम्ही क्रीम शोधत होतात, तेव्हा शोधायला हवं होतं कारण.

तुमच्या पत्रात सगळ्या क्रीमची नावं आहेत, पण नखांबद्दल, केसांच्या रंगाबद्दल, डोळ्यांच्या थेंबांबद्दल एक अक्षर नाही. पापणीची गंमत अशी की तिला ज्याचा त्रास होतो, ते बरेचदा पापणीला लावलेलंच नसतं. आपण दिवसभर नकळत डोळ्यांना हात लावतो. बोटांची जाड कातडी जे सहज सोसते, ते पापणीला सोसत नाही. केसांच्या डायमुळे डोकं शांत राहतं आणि पापण्या सुजतात, असं आम्ही नेहमी पाहतो. शाम्पू वाहत खाली येतो तो पापण्यांवरूनच.

माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेचं उदाहरण देते. वय पस्तिशीच्या आसपास, तक्रार हुबेहूब तुमच्यासारखी. त्याही ‘आय क्रीमची अॅलर्जी’ म्हणूनच आल्या होत्या. मी त्यांना कॅलेंडर घेऊन बसवलं आणि पापण्या कधी कधी सुजल्या ते आठवून खुणा करायला सांगितल्या. खुणा साधारण तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने पडल्या. दर तीन आठवड्यांनी काय करता, असं विचारल्यावर त्या हसल्या आणि हात पुढे केले. जेल नेलपॉलिश. ते लावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पापण्या फुलायच्या. या अॅलर्जीला उमटायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून नखांचा आणि डोळ्यांचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

संशय होता, पुरावा हवा होता. पॅच टेस्ट केली. या चाचणीत पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्यांमधून निरनिराळे पदार्थ ठरावीक प्रमाणात चिकटवतात. दोन दिवसांनी पट्ट्या काढून पाहतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात, कारण काही प्रतिक्रिया उशिरा उमटतात. तोवर पाठ भिजवायची नाही. त्यांच्या बाबतीत सुगंधाच्या पट्ट्या कोऱ्या निघाल्या, जेलमधल्या अॅक्रिलेटची जागा मात्र लाल होऊन फुगली. म्हणजे बिचारी आय क्रीम निर्दोष होती. पापणीची त्वचा आधीच फाटलेली, त्यामुळे जे लावू ते झोंबत होतं, इतकंच. जेल बंद केलं, पापण्यांना साधी पेट्रोलियम जेली, आणि महिन्याभरात त्वचा सरळ झाली. अॅक्रिलेट दातांच्या कामातही वापरतात, म्हणून दंतवैद्यांना ही अॅलर्जी सांगून ठेवायला मी त्यांना बजावलं.

तुमचं कारण हेच असेल असं मी पत्रावरून सांगू शकत नाही. ते शोधावं लागेल.

आता त्या ट्यूबबद्दल, आणि इथे माझा आवाज थोडा चढणार आहे. दोन दिवसांत गुण आणि थांबवलं की पुन्हा उलटणं, असं झालं की तीत स्टेरॉइड असल्याचा संशय मला पहिला येतो. ट्यूबवर बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलंय का पाहा. बरेचदा त्याच्या जोडीला बुरशीचं आणि जंतूंचं औषधही मिसळलेलं असतं, म्हणजे एकाच ट्यूबमध्ये ‘कशालाही लागू पडेल’ असा मालमसाला. ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असा नियम आहे, आणि तरी ती गोळ्या-बिस्किटांसारखी काउंटरवरून हातात पडतात. पापणीवर असं स्टेरॉइड महिनोन् महिने लावलं तर त्वचा आणखी पातळ होते, रक्तवाहिन्यांच्या लाल रेषा दिसू लागतात. ते निदान आरशात दिसतं. डोळ्याच्या आतला दाब वाढला तर तो दिसत नाही, दुखतही नाही. त्यातून काचबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. मोतीबिंदूचा धोका तो वेगळाच.

स्टेरॉइड वाईट, असं मी म्हणत नाही. पापणीसाठी सौम्य स्टेरॉइड मीसुद्धा देते, पण मोजक्या दिवसांसाठी, आणि नंतर गरज पडली तर टॅक्रोलिमससारख्या स्टेरॉइड नसलेल्या मलमावर आणते. कोणतं, किती दिवस, हे पापणी पाहूनच ठरतं.

तेव्हा या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जाताना एका पिशवीत सगळं भरून न्या: तिन्ही आय क्रीम, ती ट्यूब, शाम्पू, डाय, काजळ, नेलपॉलिश, डोळ्यांचे थेंब. ट्यूब किती दिवस लावली ते खरं सांगा. इतके दिवस ती चालू आहे म्हटल्यावर नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्याचा दाबही मोजून घ्या. भेट होईपर्यंत तोंड साध्या पाण्याने धुवा, पापण्यांना बिनवासाची पेट्रोलियम जेली लावा, बाकी सगळं कपाटात. डोळा दुखत असेल, लाल झाला असेल, उजेड सहन होत नसेल किंवा दिसायला कमी आलं असेल तर आठवडाही थांबू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठा.

आय क्रीमने काळी वर्तुळं जातात का? सहा महिने लावतोय.
– एक वाचक, नागपूर

सहा महिन्यांत गेली नाहीत, यात उत्तर आलंच. खिडकीपाशी आरसा घेऊन उभे राहा आणि डोळ्याखालची त्वचा बोटाने हळूच गालाकडे ताणा. काळेपणा तसाच राहिला तर बहुधा तो त्वचेतला रंग आहे. जांभळट छटा आणखी उठून दिसली तर खालच्या रक्तवाहिन्या. काळेपणा जवळजवळ नाहीसा झाला तर ती नुसती खळग्याची सावली, आणि सावलीवर क्रीम लावून काय होणार? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. कॅफीनच्या क्रीमने सूज तासा-दोन तासांपुरती उतरल्यासारखी वाटते, मॉइश्चरायझरने कोरड्या त्वचेच्या बारीक रेषा दिवसभर कमी दिसतात. त्यापलीकडे अपेक्षा ठेवू नका. सर्दी-शिंकांची अॅलर्जी असून डोळे सतत चोळत असाल, तर आधी त्या अॅलर्जीवर उपचार घ्या. चोळण्यानेच रंग गडद होत जातो.

क्रीममुळे डोळ्यांखाली बारीक पांढरे दाणे आलेत. सुईने काढू का?
– एक वाचक, मडगाव

सुई अजिबात नको. ते मिलिया, म्हणजे त्वचेत अडकलेल्या मृत पेशींचे दाणे असतील तर क्लिनिकमध्ये काही मिनिटांत निघतात, पण डोळ्यांखालचे सगळे दाणे मिलिया नसतात, म्हणून आधी दाखवा. नाकाकडच्या कोपऱ्यात पिवळसर चपटे डाग असतील तर कोलेस्टेरॉलही तपासून घ्या.

रेटिनॉलची आय क्रीम वापरते. गरोदरपणाचा तिसरा महिना चालू आहे. पापणीला लावते तेवढी चालेल ना?
– एक वाचक, नाशिक

आज बंद करा, आणि पुढच्या भेटीत प्रसूतितज्ज्ञांना ट्यूब दाखवा. घाबरून जाऊ नका, पण साध्या मॉइश्चरायझरवर या.