व्हायरल तापात रक्ताच्या काचेवर ‘विचित्र’ पांढऱ्या पेशी का दिसतात?

प्रश्न: मुलगी १९ वर्षांची, कोथरूडला राहतो. नऊ दिवस ताप, घसा खूप दुखतोय, मानेत गाठी आल्यात. सीबीसीमध्ये पांढऱ्या पेशी १५,८००, लिम्फोसाइट्स ४२%, ‘ॲटिपिकल लिम्फोसाइट्स’ २४%, हिमोग्लोबिन १२.६, प्लेटलेट्स १.४ लाख. डॉक्टर म्हणतात मोनोन्यूक्लिओसिस असावा. पण व्हायरसने पेशी अशा बिघडतात का? हा ब्लड कॅन्सर तर नाही ना?

उत्तर:

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, पुण्यातच लॅबमध्ये बसते. मुलीची स्लाइड मी पाहिलेली नाही, त्यामुळे निदान तुमचे डॉक्टरच करतील. पण तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून बरंच बोलता येईल.

काचेवर दिसणाऱ्या त्या विचित्र पेशी बहुतेक करून व्हायरसने बाधलेल्या नसतातच. मोनोन्यूक्लिओसिस सहसा एप्स्टाइन-बार विषाणूमुळे होतो. तो लाळेतून येतो आणि घशाजवळच्या बी लिम्फोसाइट्समध्ये शिरतो. ॲटिपिकल म्हणून मोजल्या जातात त्या मात्र मुख्यतः टी लिम्फोसाइट्स, त्यातही सीडी८ प्रकारच्या, म्हणजे बाधलेल्या बी पेशी शोधून मारणाऱ्या. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर एवढे खाकी कपडे दिसतात ते मिरवणुकीतले नसतात, बंदोबस्ताचे असतात, तसंच हे.

आता त्या वेगळ्या का दिसतात ते पाहू. एरवी रक्तात फिरणारा लिम्फोसाइट निवांत असतो. आकाराने लाल पेशीपेक्षा जेमतेम मोठा, केंद्रक गोल आणि गच्च, भोवती सायटोप्लाझमची बारीक कड. त्याला काही बनवायचं नसतं, म्हणून डीएनए गुंडाळून ठेवलेला असतो. विषाणूचा तुकडा ओळखणाऱ्या टी पेशीला इशारा मिळाला की ती झपाट्याने विभागू लागते आणि मारण्यासाठी लागणारी प्रथिनंही तयार करू लागते. या दोन्ही कामांसाठी गुंडाळलेला डीएनए उघडावा लागतो, त्यामुळे केंद्रक मोठं आणि सैल दिसतं, कधी वेडंवाकडं, कधी आत न्यूक्लिओलसही दिसतो. प्रथिनं बनवायची तर रायबोसोम हवेत, आणि रायबोसोम म्हणजे भरपूर आरएनए. आपल्याकडे काच बहुधा लीशमन स्टेनने रंगवतात. त्यातला निळा रंग आरएनएला चिकटतो, म्हणून सायटोप्लाझम निळसर होतो, कडेला जास्तच गडद. पेशी फुगून १५ ते २० मायक्रॉनपर्यंत जाते आणि मऊ असल्याने काचेवर पसरते. शेजारी लाल पेशी आली तर तिच्याभोवती वळसा घालून दबते. कडेला ती खाच दिसली की आमचं निम्मं काम झालं!

थोडक्यात, काचेवर दिसतो तो कामात गढलेल्या निरोगी पेशीचा चेहरा. डाउनी आणि मॅकिन्ले यांनी १९२३ मध्येच या पेशींचं बारकाईने वर्णन करून त्यांचे तीन प्रकार पाडले होते. तेव्हा या विषाणूचा पत्ताही नव्हता. तो १९६४ मध्ये सापडला.

मग कॅन्सरची भीती का वाटते? कारण यातल्या काही पेशी खरंच ल्यूकेमियाच्या, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या, अपक्व ब्लास्ट पेशींसारख्या दिसतात. एकच पेशी दाखवून विचारलंत तर मीही ठामपणे सांगणार नाही. म्हणून आम्ही एका पेशीवर न थांबता पूर्ण काच बघतो. मोनोमध्ये विविधता असते: एक पेशी लहान, दुसरी प्रचंड, तिसरी प्लाझ्मा पेशीसारखी, आणि मधूनमधून अगदी साधे लिम्फोसाइट्स. अनेक वेगवेगळ्या टी पेशी, प्रत्येक वेगळ्या टप्प्यावर, एकाच वेळी जाग्या झालेल्या असतात. ल्यूकेमियात एकाच बिघडलेल्या पेशीची पिल्लावळ असते, म्हणून त्या बऱ्याचशा एकसारख्या दिसतात: केंद्रकाने जवळजवळ सगळी पेशी व्यापलेली, आतला पोत अगदी बारीक. शिवाय अस्थिमज्जा व्यापली गेल्याने हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स बहुधा घसरतात.

तुमच्या रिपोर्टवर हे लावू. ४२ आणि २४ मिळून ६६%, म्हणजे १५,८०० पैकी साधारण १०,४०० लिम्फोसाइट्स. प्रौढांमध्ये हे एक ते चार हजारांच्या आसपास असतात. लिम्फोसाइट्स ५०% च्या वर आणि ॲटिपिकल १०% च्या वर, ही मोनोची जुनी कसोटी, आणि मुलीचे आकडे ती सहज ओलांडतात. हिमोग्लोबिन ठीक आहे. प्लेटलेट्स किंचित कमी आहेत, पण मोनोमध्ये एवढं चालतं. वय, घसा, मानेतल्या गाठी, सगळं जुळतंय.

पण काच पाहून विषाणूचं नाव सांगता येत नाही. डेंग्यू, सायटोमेगॅलोव्हायरस, हेपॅटायटिस, एचआयव्हीचे पहिले आठवडे, टॉक्सोप्लाझ्मा, अगदी फेनिटॉइनसारखं औषधही अशाच पेशी उभ्या करतं. पावसाळ्यात आमच्याकडे ॲटिपिकल दिसले की आधी डेंग्यूच आठवतो. पण डेंग्यूत एकूण पांढऱ्या पेशी सहसा कमी होतात आणि प्लेटलेट्स बऱ्याचदा झपाट्याने पडतात. तुमच्याकडे पांढऱ्या पेशी १५,८०० आहेत.

आणखी एक फसवणूक सांगते. सॅम्पल नळीत बराच वेळ पडून राहिलं की लिम्फोसाइट्सची केंद्रकं वाकडी होतात, पेशीत पोकळ्या दिसतात, आणि निरोगी माणसाच्या रिपोर्टातही ‘ॲटिपिकल’ येऊ शकतं. काचेच्या अगदी पातळ टोकाला तर सगळ्याच पेशी चपट्या आणि मोठ्या दिसतात. म्हणून लाल पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात त्या भागातच मोजायचं असतं. मशीनने नुसता इशारा दिला असेल तर काच माणसाने पाहिली का, हे लॅबला जरूर विचारा.

निदान पक्कं करायला मोनोस्पॉट चाचणी असते. आजारात तयार होणारी एक अँटिबॉडी घोड्याच्या लाल पेशींना गुठळ्या आणते, त्यावर ती चालते. पहिल्या आठवड्यात ती बऱ्याचदा निगेटिव्ह येते, चार वर्षांखालच्या मुलांत तर आणखीच. नवव्या दिवशी निगेटिव्ह आली तरी निदान फेटाळू नका. डॉक्टर हवं तर व्हीसीए आयजीएम, म्हणजे याच विषाणूविरुद्धची अँटिबॉडी शोधणारी रक्ताची चाचणी, सांगतील. यकृताच्या चाचण्याही थोड्या वाढलेल्या येतील, त्याने घाबरू नका.

दोन गोष्टी मात्र आजच डॉक्टरांशी बोला. घशासाठी अमॉक्सिसिलिन चालू असेल तर सांगा, कारण या आजारात त्याने अंगभर पुरळ उठू शकतं. आणि मुलगी जिमला जात असेल किंवा कबड्डीसारखा धक्काबुक्कीचा खेळ खेळत असेल, तर निदान तीन आठवडे बंद, कारण प्लीहा फुगलेली असू शकते आणि क्वचित फुटते. डाव्या बरगडीखाली अचानक जोरात दुखलं, चक्कर आली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट इमर्जन्सीत न्या.

तीन-चार आठवड्यांनी सीबीसी पुन्हा करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. लिम्फोसाइट्स उतरणीला लागलेले असावेत आणि ॲटिपिकल बरेच कमी झालेले. पूर्ण नाहीसे व्हायला कधी आणखी काही आठवडे जातात. ते तसेच राहिले, वाढले, किंवा हिमोग्लोबिन नाहीतर प्लेटलेट्स पडायला लागले, तर हेमॅटॉलॉजिस्टला दाखवा. ते फ्लो सायटोमेट्री करून या पेशी एकाच घराण्यातल्या आहेत का, ते पाहतील.