एक्कावन्नाव्या हँडलपाशी कॉपीराइट संपला

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. द्राक्षवेलीच्या आकाराचं अॅल्युमिनियमचं दाराचं हँडल मी स्वतः कागदावर काढलं, डाय करून घेतली. २०२३ च्या दिवाळीत पहिली पाचशे नगांची बॅच विकली. ड्रॉइंगचं कॉपीराइट सर्टिफिकेट माझ्याकडे आहे. आता मिरजेतल्या एकाने हुबेहूब तसंच हँडल स्वस्तात काढलंय. त्याला कॉपीराइटची नोटीस पाठवू, की आता डिझाइन नोंदवून घेऊ?

उत्तर : ताई, या हँडलसाठी दोन्ही करू नका. असे प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतात आणि बहुतेकांच्या हातात तुमच्यासारखंच कॉपीराइटचं सर्टिफिकेट असतं. ते खोटं नाही. पण तुम्हाला जे थांबवायचंय, ते त्याने थांबत नाही.

कॉपीराइट कायदा वाचला की आधी आशा वाटते. कागदावरच्या चित्रावरून घडीव वस्तू बनवण्याचा हक्कही चित्रकाराचाच, असं कलम १४ म्हणतं. तुमच्या सल्लागाराने बहुधा तिथेच पुस्तक मिटलं. पुढचं कलम १५ आहे, आणि त्याचं दुसरं पोटकलम तुमच्या प्रकरणाचा निकाल लावतं. डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगं डिझाइन तुम्ही नोंदवलं नाही आणि ते लावलेली वस्तू यांत्रिक प्रक्रियेने पन्नासपेक्षा जास्त वेळा बनवली, की त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो. ती वस्तू तुम्ही स्वतः बनवली किंवा तुमच्या परवानगीने दुसऱ्याने बनवली, तरी परिणाम तोच. तुमची पहिलीच बॅच पाचशेची. म्हणजे एक्कावन्नावं हँडल डायमधून बाहेर पडलं तेव्हाच, माल गोदामात जाण्याआधी, आकारावरचा कॉपीराइट गेला. मिरजेच्या माणसाने तुमचं ड्रॉइंग जसंच्या तसं स्वतःच्या पत्रकात छापलं तर सर्टिफिकेटचा उपयोग होईल. त्याने हँडल ओतलं तर होणार नाही.

यावर एक वाद नेहमी घातला जातो : ‘माझं ड्रॉइंग ही कलाकृती आहे, आणि कलाकृती डिझाइनच्या व्याख्येत बसत नाही.’ सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या प्रकरणात यासाठी कसोटी सांगितली आहे. ती निव्वळ कलाकृती आहे, की कलाकृतीवरून यांत्रिक पद्धतीने वस्तूला लावलेलं डिझाइन आहे, हे आधी पाहायचं. दुसऱ्या प्रकारात मोडत असेल तर कॉपीराइटचं कवच मिळत नाही. मग रूप मुख्य की उपयोग, हे पाहून डिझाइन कायद्याचं संरक्षण मिळू शकलं असतं का ते ठरतं. त्या खटल्यात मुद्दा पुराव्यानंतरच ठरेल म्हणून दावा जिवंत राहिला. तुमचं हँडल मात्र पहिल्यापासून डायसाठी काढलेलं आणि डोळ्याला आवडावं म्हणून वेलीचं केलेलं. ते दुसऱ्या प्रकारात जाणार, याबद्दल मला फारशी शंका नाही.

नोटीस नको म्हणतो ती याचसाठी. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० प्रमाणे बिनबुडाच्या धमकीविरुद्ध समोरचा माणूस स्वतःच दावा लावू शकतो. आज तुम्ही फिर्यादी आहात, उद्या प्रतिवादी व्हाल.

आता डिझाइनच्या नोंदणीकडे वळू. डिझाइन कायदा, २००० चं कलम ४ सांगतं की अर्जाच्या तारखेपूर्वी भारतात किंवा भारताबाहेर वापराने, छापून किंवा अन्य मार्गाने उघड झालेलं डिझाइन नोंदवता येत नाही. उघड करणारा खुद्द मालक असला तरी सूट नाही. विकून बघू, चाललं तर नोंदवू, असं आपल्याकडे सर्रास चालतं आणि त्यातच हक्क जातो. एखाद्या प्रदर्शनात मांडण्यासाठी कलम २१ ची सवलत आहे, पण केंद्र सरकारने अधिसूचनेने ती लागू केलेल्या प्रदर्शनापुरतीच, आणि तीही डिझाइनची नोंदणी करणाऱ्या कंट्रोलरला आधी सूचना देऊन मांडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज केला तरच. तुम्ही २०२३ पासून उघड विकताय.

तरीही कोणी म्हणेल, अर्ज टाकून बघा, तपासणीत सापडलं नाही तर सर्टिफिकेट मिळेल. मिळेलही. पण तुम्ही दावा लावलात की मिरजेचा माणूस तुमच्याच जुन्या डीलरकडून तुमचं २०२३ चं बिल आणून कोर्टात ठेवेल. नोंदणी रद्द होण्याची जी कारणं कलम १९ मध्ये आहेत, ती सगळी त्याला बचावात घेता येतात. तो बचाव घेतला की कलम २२(४) प्रमाणे दावा जिल्हा न्यायालयातून उच्च न्यायालयात जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एस. डी. कंटेनर्स प्रकरणात हे स्पष्ट केलंय. सांगली-साताऱ्यासाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे, म्हणून मुंबईची खेप कदाचित वाचेल. तारखा वाचणार नाहीत. जो मुद्दा तुमच्याच बिलाने हरायचा, त्यावर वर्षं घालवणं मला पटत नाही.

राग येतो तो यासाठी, की डिझाइनच्या अर्जाची फी लघुउद्योगाला एक हजार रुपये आहे. डायवर किती खर्च केलात ते आठवून बघा. अर्ज पहिल्या विक्रीआधी गेला असता तर दहा वर्षं, आणि मुदतीत अर्ज करून आणखी पाच, असं पंधरा वर्षांचं संरक्षण होतं.

मग हातात काय उरतं? त्याने तुमच्या कॅटलॉगमधले फोटो उचलून स्वतःच्या जाहिरातीत टाकले असतील तर त्या फोटोंवरचा कॉपीराइट शाबूत आहे. तिथे नोटीस जरूर पाठवा, फोटो कुणी काढले आणि त्यांचे हक्क कुणाकडे आहेत एवढं आधी तपासून. गिऱ्हाईक त्याचा माल तुमचा समजून घेत असेल तर पासिंग ऑफचा दावा होऊ शकतो. पण फक्त आकारावर तो जिंकणं अवघड आहे. डीलर काय सांगतात, तुमचं नाव किती चालतं, पुरावा किती मिळतो, यावर ते अवलंबून राहील.

एक काम मात्र आजच करा. पहिल्या बॅचची बिलं, डायमेकरचं बिल, जीएसटीची विवरणपत्रं आणि तारखेसकट मेसेज एका फाइलमध्ये लावा. उद्या मिरजेच्या माणसाने हाच आकार स्वतःच्या नावावर नोंदवून तुम्हालाच नोटीस धाडली, तर जी तारीख तुमच्या अर्जाच्या आड येते तीच त्याची नोंदणी पाडेल. नोंदणी रद्द करण्याचा अर्ज कंट्रोलरकडे करता येतो.

यापुढच्या हँडलचं वेगळं. जुन्यात दोन द्राक्षं वाढवली किंवा देठ वाकवला तर चालणार नाही. आधीच्या ज्ञात डिझाइनपेक्षा ते ठळकपणे वेगळं दिसायला हवं, आणि त्या ज्ञात डिझाइनमध्ये तुमचं स्वतःचं हँडलही आलं. स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, हातात बसणारी जाडी अशा निव्वळ कामाच्या भागांना या कायद्यात संरक्षण नाही, फक्त दिसणाऱ्या रूपाला आहे. त्यामुळे पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून आणि खालून असे स्वच्छ फोटो किंवा रेखाटनं लावा आणि नावीन्य नेमकं कोणत्या आकारात आहे ते लिहा. हँडल वर्ग ८, उपवर्ग ६ मध्ये येतात. अर्ज ऑनलाइन होतो, उद्यम नोंदणीची प्रत जवळ ठेवा.

आणि त्या नव्या हँडलचा नमुना किंवा फोटो एखाद्या डीलरला आधीच पाठवला असेल, तर अर्ज भरण्यापूर्वी मला तारीख आणि डीलरशी झालेलं बोलणं कळवा. गुप्त ठेवायचं ठरवूनच दाखवलं असेल तर कलम १६ चा आधार घेता येईल. ग्रुपवर टाकलं असेल तर तो आधारही मिळणं कठीण आहे.