दुसऱ्या नोकरीचा संशय: आधी नोंद, मग प्रश्न

तुझ्या हाताखालचा कर्मचारी दुसरीकडेही नोकरी करतो असा संशय आला म्हणून त्याला लगेच बोलावून जाब विचारू नकोस. आधी नेमणूकपत्र काढून वाच. दुसऱ्या कामाला बंदी आहे, की परवानगीची अट आहे? दोन्ही नसेल, तर बोलणं चुकलेल्या कामापुरतंच ठेव.

मग दोन-तीन आठवडे फक्त जे दिसतं ते तारीख-वेळेसह लिहून ठेव. समज, मंगळवारी आणि गुरुवारी तीन ते साडेचार फोन उचलला जात नाही, त्याच वेळेच्या दोन बैठका बुडाल्या. एकदाच घडलं तर घरची अडचण असेल. ठरावीक वारी घडत राहिलं, तर विचारायला आधार मिळतो. त्याचा खासगी फोन किंवा खाती मात्र चाळू नकोस, प्रकरण तुझ्यावरच उलटेल.

भेटीत एचआरचं कुणीतरी सोबत असू दे. "दुसरीकडे काम करतोस ना?" असं नको, "या वेळांत तू कुठे अडकलेला असतोस?" असं विचार आणि थांब. उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घे. आईचं आजारपण निघालं, तर वेळ बदलून देता येते. दुसरं काम निघालं आणि फक्त वेळेचा गोंधळ असेल, तर लेखी मुदत दे. पण काम प्रतिस्पर्ध्याकडे असेल किंवा आपली माहिती वापरली असेल, तर एकट्याने निर्णय न घेता त्याच दिवशी वरिष्ठांना आणि वकिलाला कळव.