पन्नास रुपयांची पणती

«मॅडम, लेक बारा वर्षांची आहे. सोसायटीच्या दिवाळी मेळ्यात स्वतः रंगवलेल्या पणत्यांचा स्टॉल लावायचा म्हणते. किंमत काय ठेवायची? आणि तेवढ्या गर्दीत मी तिच्या शेजारीच बसून राहू का?»

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या एका आईचा हा प्रश्न. दसरा झाला की असे तीन-चार पालक दरवर्षी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, आणि बहुतेकांना किमतीचं टेन्शन असतं. मी आधी मुलाची वही मागते.

या मुलीच्या वहीत एकच आकडा होता: चार पणत्यांचा सेट, ५० रुपये. मी विचारलं, "कशावरून?"

"मैत्रिणी म्हणाल्या, पन्नासला घेतील."

मग आम्ही हिशेब मांडला. जांभळी नाक्यावरून आणलेल्या चार साध्या पणत्या १६ रुपयांच्या, रंग आणि वार्निश १०, खोका १४. म्हणजे सेटमागे ४०. टेबलाचं भाडं ६०० होतं आणि सेट तयार होते ४०. ती लगेच म्हणाली, "म्हणजे सेटमागे पंधरा." मी म्हटलं, सगळे विकले गेले तर. भाडं तयार केलेल्या मालावर वाटायचं नसतं, खपेल त्या मालावर वाटायचं. पहिल्या वर्षी २५ खपले तरी पुष्कळ, आणि मग भाडंच सेटमागे २४ पडतं. खर्च झाला ६४. पन्नासला सगळे चाळीस विकले असते तरी हातात २००० आले असते आणि खर्च २२०० झाला असता. आई कपाळावर हात मारून हसली. मुलगी हसली नाही. ती वहीकडे बघत राहिली.

आम्ही १०० ठरवले, दोन सेट घेतले तर १८०. त्याखाली उतरायचं नाही. एका सेटला तिची चाळीस मिनिटं जात होती, त्यांचंही काही मोल धरायला हवं होतं.

पण आकडा कागदावर राहतो, खरी गोष्ट पुढेच होती. मी गिऱ्हाईक झाले. पणती उचलली आणि म्हटलं, "शंभर? बाहेर दहाला मिळते!" मुलीनं आईकडे पाहिलं आणि आईनं उत्तर दिलं, "अहो, हाताने केलंय!" मी आईला विनंती केली, जरा बाहेर चहा घेऊन या.

दुसऱ्यांदा तेच वाक्य टाकलं. मुलगी गप्प. मीही गप्प राहिले. समुपदेशकाला सगळ्यात अवघड हेच जातं, आणि मला ते आता बऱ्यापैकी जमतं. मग ती म्हणाली, "काकू, दहाची साधी असते. हिच्या काठाला मी रंग लावलेला नाही, वातीजवळ लेसही नाही. पहिल्यांदा लेस लावली होती, ती जळली."

मला कळलं ते इथे. पन्नास हा आकडा हिशेबातून आलाच नव्हता. "महाग आहे" हे ऐकायला लागू नये म्हणून तो होता. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन सांगतो की या वयाच्या आसपास मुलाच्या मनात 'मला जमतं का?' हाच प्रश्न असतो. आपण मध्ये पडून उत्तर दिलं की तो तसाच राहतो.

त्या जळालेल्या लेसवर आम्ही थोडं थांबलो. पणतीचा आतला भाग आणि काठाखालचं बोटभर अंतर कोरं ठेवायचं. कुंदन ग्लू गनने चिकटवला तर पणती तापली की गोंद मऊ होऊन तो निखळतो. म्हणून प्रत्येक डिझाइनची एक पणती घरी अर्धा तास पेटवून बघायची, मोठ्या माणसासमोर. स्टॉलवर मात्र एकही पेटवायची नाही, कारण तिथे खोके, ओढण्या आणि गर्दी असते.

आईसाठी मी मोजक्याच गोष्टी सांगितल्या. शेजारी बसू नका, दिसेल एवढ्या अंतरावर बसा. क्यूआर कोड तुमच्या खात्याचा असू द्या. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर विश्वास नको, तुमच्या फोनवर पैसे आल्याचं तुम्ही मान हलवून कळवलंत की मगच सेट द्यायचा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे तिलाही सांगून ठेवा. सुट्ट्या पैशांचा पाऊच तिच्या कमरेला, टेबलावर नाही. आणि पाटीवर तिचं पूर्ण नाव किंवा शाळा नको.

सगळ्यात जास्त वेळ मी एका प्रश्नाला दिला: "बाळा, हे गाडीपर्यंत आणून दे ना" असं कुणी म्हणालं तर काय? वाक्य गोड असतं, माणूसही बहुधा चांगलाच असतो, म्हणूनच मुलं उठतात. उत्तर आम्ही पाच वेळा म्हणून घेतलं: "मी टेबल सोडत नाही, आई आणून देईल."

मेळ्यानंतर ती वही घेऊन आली. २७ सेट खपले, त्यातल्या चार जोड्या १८०ला. एकूण २६२०, खर्च वजा जाता ४२० उरले. एक आजोबा "गाडीपर्यंत ये" म्हणाले होते. तिने वाक्य जसंच्या तसं म्हटलं, आजोबांनीच खोका उचलला.

वहीच्या शेवटी लिहिलं होतं: "उरले १३. पुढच्या वर्षी ३०च करणे."