अंगठीचा फोटो थोडा मागे ठेवा

प्रश्न: आम्ही दोघं न्यू जर्सीत नोकरी करतो. गेल्या आठवड्यात त्याने विचारलं, मी हो म्हटलं, अंगठीही घातली. दोन्हीकडचे आईबाबा खूश आहेत. माझ्या घरचे सांगलीचे, त्याच्या घरचे नाशिकचे. आता बाकी नातेवाइकांना आणि जवळच्या मित्रांना सांगायचंय, पण आम्ही दोघंही लाजाळू. वीस जणांच्या व्हिडिओ कॉलवर आमच्या तोंडून शब्द फुटणार नाही. कसं सांगू?

उत्तर: मनापासून अभिनंदन! वीस जणांचा कॉल करूच नका, त्याची गरजही नाही.

आधी अंगठीच्या फोटोबद्दल. तुमच्यासाठी ती दोघांमधली गोष्ट आहे. सांगलीच्या काकूंच्या लेखी मात्र अंगठी घालतात ती साखरपुड्यात, दोन्हीकडची माणसं जमवून, मुलीची ओटी भरून. नुसता फोटो दिसला की त्यांना वाटणार, कार्य उरकलं आणि आपल्याला बोलावलंही नाही. हा रुसवा लग्नाच्या मांडवापर्यंत टिकतो. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगा, लग्न ठरलंय, साखरपुडा अजून व्हायचाय.

आजी-आजोबांना फोन मात्र तुम्हीच करा, दोघांनी मिळून. शनिवारी सकाळी साडेआठला केलात तर उन्हाळ्यात भारतात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, हिवाळ्यात सात. आजीची दिवेलागण होते, घरात माणसं असतात. बोलायला सुचलं नाही तरी चालेल. "आजी, नमस्कार करतो" एवढं म्हणा, पुढचं आजीच बोलेल.

काका, मामा, आत्या, मावशी यांना आईबाबांना सांगू द्या. भावाबहिणींना ही बातमी देण्याची त्यांना किती हौस असते! फक्त दोन्ही घरांनी एकच संध्याकाळ ठरवा. नाशिकची बातमी एखाद्या ओळखीच्याकडून सांगलीच्या मामांपर्यंत आधी पोचली, तर मामा दुखावणार, आणि लग्नात भाचीच्या पाठीशी उभे राहणारे तेच. जवळच्या मित्रमैत्रिणींना त्याच दिवशी सांगा, पण रविवारपर्यंत कुठे काही टाकू नका, अशी विनंती करा.

कुटुंबाच्या ग्रुपवर रविवारी लिहा. सोबत दोघांचा साधा, हसरा फोटो पुरे. मुलगा कुठला, काय करतो, हे सगळे विचारणारच, तेव्हा ते आधीच लिहिलेलं बरं. नावं तुमची घालून असं काहीसं:

"सगळ्यांना नमस्कार. सांगायला थोडी लाज वाटतेय, पण आनंद त्याहून जास्त आहे. आमचं लग्न ठरलं! तो मूळचा नाशिकचा, इथे इंजिनियर आहे. आमची ओळख इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत झाली. साखरपुडा सांगलीला, तुम्हा सगळ्यांसोबत करायचाय. तारीख ठरली की आईबाबा फोन करतीलच. आशीर्वाद असू द्या."

तारीख पक्की नसेल तर महिनासुद्धा लिहू नका. लोक लगेच रजा टाकतात, तिकिटं काढतात.