मेंटॉरला निरोपाचा मेसेज लिहिताना

"माझा मेंटॉरशिप प्रोग्राम या आठवड्यात संपतोय. सरांनी माझ्या बाबतीत फार धीर धरला आणि अगदी नेमके सल्ले दिले. त्यांना शेवटचा मेसेज लिहायला बसते, पण 'मनापासून आभार' याच्या पुढे सरकतच नाही. जास्त लिहिलं तर मस्का मारतेय असं वाटेल का? आणि मी काही फार चमकलेही नाही, मग एवढे आभार कोणत्या तोंडाने मानू?"

हीच अडचण घेऊन आलेल्या एका मुलीबद्दल सांगते. तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून. ती एका सॉफ्टवेअर प्रकल्पात मेंटॉरच्या हाताखाली काम शिकत होती. ठरलेल्या दोन कामांपैकी एक पूर्ण होऊन मुख्य प्रकल्पात गेलं होतं, दुसरं अर्धवट राहिलं होतं. त्या अर्धवट कामाचं ओझं तिच्या मेसेजवर पडलेलं मला पहिल्या भेटीतच दिसलं.

तिने दोन मसुदे आणले होते. पहिल्यात "आपलं अमूल्य मार्गदर्शन लाभलं, आपल्या संयमाबद्दल मी सदैव ऋणी राहीन" अशी वाक्यं होती. त्यात तिचे सर कुठेच नव्हते. नाव बदललं की तोच मेसेज दुसऱ्या कुणालाही चालला असता. दुसरा मसुदा जास्त खरा होता, पण तो आभाराचा नव्हताच. "मी तुमचा खूप वेळ घेतला, तेच तेच प्रश्न विचारले, काम पूर्ण करू शकले नाही, सॉरी." असं पत्र हाती आलं की मेंटॉरला आधी समजूत घालावी लागते: "अगं, तसं काही नाही." म्हणजे निरोपाच्या वेळीही धीर देण्याचं काम त्यांच्याच वाट्याला येतं. स्वतःबद्दलची नाराजी आभारात मिसळली की नेहमी असंच होतं, म्हणून ती आधी वेगळी काढावी लागते. आम्ही ती एका वेगळ्या कागदावर लिहून काढली आणि त्यावर पुढच्या भेटीत बोललो.

मग मी तिला विचारलं, "सरांनी धीर धरला म्हणजे नक्की काय केलं? एखादा दिवस आठवतो का?"

तिला लगेच आठवला. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या Git मध्ये दोघांनी एकाच फाइलमध्ये एकाच जागी वेगवेगळे बदल केले की कॉन्फ्लिक्ट येतो, म्हणजे कोणता बदल ठेवायचा ते आपल्याला ठरवावं लागतं, आणि तो सोडवताना तिचं स्वतःचंच काम पुसलं जायचं. कधी व्हायचं, कधी नाही. त्याबद्दल तिने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सरांनी उत्तर पाठवलं नाही. ते म्हणाले, "स्क्रीन शेअर कर आणि प्रत्येक पायरीला तुला काय वाटतंय ते मोठ्याने बोल. मी मध्ये बोलणार नाही." ती अडखळत बोलत राहिली, ते ऐकत राहिले. शेवटी गोंधळ सापडला. साध्या merge मध्ये, म्हणजे मुख्य शाखेतले बदल आपल्या शाखेत मिसळताना, HEAD च्या खुणेपासून ======= पर्यंतचा वरचा भाग आपल्या शाखेचा असतो. rebase करताना, म्हणजे आपले बदल मुख्य शाखेच्या ताज्या कामावर पुन्हा बसवताना, मात्र तिथे मुख्य शाखेचा मजकूर येतो आणि आपला बदल ======= च्या खाली जातो. ती दोन्हीकडे वरचाच भाग आपला समजत होती. नुसती कमांड मिळाली असती तर हे तिला कधीच कळलं नसतं.

हे सांगताना तिचा आवाज बदलला. मी म्हटलं, "हेच लिहा." तिचा चेहरा पडला. "एवढंसं? ते तर विसरूनही गेले असतील."

विसरले असतील तर लिहायला आणखी एक कारण आहे. 2018 साली अमित कुमार आणि निकोलस एपली या दोन संशोधकांनी याच भीतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना कुणाचे तरी आभार मानणारं पत्र लिहायला सांगितलं आणि वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. मग पत्र मिळालेल्यांनाही विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वाचणाऱ्यांना जास्त आनंद झाला, आभाराचं कारण वाचून जास्त आश्चर्य वाटलं आणि अवघडलेपण कमी वाटलं. लिहिणारे शब्द नीट जमले का या काळजीत होते, वाचणाऱ्यांच्या लेखी आपुलकी महत्त्वाची होती. मस्क्याच्या शंकेचं उत्तरही मला इथेच दिसतं. "तुमच्यासारखं कुणी नाही" हे कुणालाही म्हणता येतं, पण त्या दिवशीच्या कॉलबद्दल लिहायला तो कॉल घडलेलाच असावा लागतो.

सल्ल्याबद्दलही हेच. "तुमचे सल्ले फार उपयोगी पडले" इथे न थांबता कोणता सल्ला आणि त्याचं तुम्ही काय केलंत, हे लिहा. मेंटॉर सल्ला देतो, पण तो पुढे कुठवर गेला हे त्याला बहुतेकदा कळतच नाही. हा दुसरा अर्धा भाग फक्त तुम्हीच सांगू शकता.

तिचा शेवटचा मेसेज असा झाला:

"सर, प्रोग्राम संपतोय म्हणून दोन गोष्टी सांगायच्या आहेत. कॉन्फ्लिक्टबद्दल मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही कमांड पाठवून मोकळे होऊ शकला असता. तुम्ही स्क्रीन शेअर करायला सांगितलंत आणि मी चाचपडत असताना मध्ये एकदाही बोलला नाहीत. rebase ची भीती त्या दिवशी गेली. दुसरं, 'विचारण्याआधी तीन ओळी लिही: काय हवं होतं, काय केलं, काय झालं' हे तुम्ही सांगितलं होतं. आता मी रोज तसं करते आणि बऱ्याचदा तिसरी ओळ लिहितानाच उत्तर सापडतं. मीटिंगमध्ये बोलायचा तुमचा सल्ला अजून जमलेला नाही, प्रयत्न चालू आहे. दुसरं काम अर्धं राहिलं आहे, कुठपर्यंत आलं आहे ते मी नोंदवून ठेवलं आहे. मनापासून आभार."

अर्धवट कामाचा उल्लेख इथेही आहे, पण माफीच्या सुरात नाही. पुढच्या माणसाला उपयोगी पडेल अशी ती माहिती आहे. आणि न जमलेला सल्ला तिने लपवला नाही, त्यामुळे आधीच्या दोन गोष्टींवर विश्वास बसतो. मला तो मेसेज आवडला, आणि विशेष म्हणजे तो लांब नाही.

थोडं व्यवहाराचं. तुमच्या प्रोग्राममध्ये मेंटॉर शेवटी मूल्यमापन करणार असतील तर ते होऊन गेल्यावर मेसेज पाठवा, म्हणजे आभाराला गुणांचा वास येणार नाही. शिफारसपत्र हवं असेल तर ते त्याच मेसेजमध्ये मागू नका, काही दिवसांनी वेगळं लिहा. एकत्र आले की आभार प्रस्तावनेसारखे वाटतात. सगळ्यांच्या ग्रुपवर दोन ओळी पुरेत, मोठा मेसेज त्यांना एकट्यांनाच पाठवा. एखादी गोष्ट खटकली असेल तर ती प्रोग्रामच्या अभिप्राय अर्जात लिहा. इथे तिच्यावर खोट्या कौतुकाचं पांघरूण घालायची गरज नाही, तो विषय सोडून द्या.

उत्तर एका ओळीचं येईल किंवा येणारही नाही. त्या मुलीला आठवडाभर काही आलं नाही, आणि ती पुन्हा "जास्तच लिहिलं का?" या विचारात माझ्याकडे आली. शेवटी सरांचं उत्तर आलं, ते एवढंच: "तीन ओळींची पद्धत नव्या मुलांनाही सांगशील का?"