शिक्का ‘मायक्रोवेव्ह सेफ’चा, काठावर सोनेरी रेघ: दावा कोणावर टिकेल?

प्रश्न: पाच महिन्यांपूर्वी मी चिनी मातीच्या भांड्यांचा सेट घेतला. वाडग्यांच्या काठाला सोनेरी रेघ आहे आणि तळाशी ‘मायक्रोवेव्ह सेफ’ असा शिक्का आहे. पहिल्या दिवशी वाडगा गरम करताना थोडी चटचट झाली. दुसऱ्या दिवशी मोठी ठिणगी उडून वाडगा तडकला आणि ओव्हन बंद पडला. विक्रेता म्हणतो, सोनेरी किनारीचे नग मायक्रोवेव्हमध्ये वापरू नयेत असे खोक्यातल्या पत्रकात छापले होते. ओव्हनची कंपनी वॉरंटी द्यायला तयार नाही. त्याच महिन्यात काचेचा एक बाउल ओव्हनमधून काढून ओट्यावर ठेवताच फुटला आणि प्लास्टिकचा एक डबा वितळला. सगळ्यांना मिळून एकच नोटीस पाठवू का?

उत्तर: नाही. वाडगा, बाउल आणि डबा या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. त्यांतली पहिली चांगली आहे, दुसरी एका अटीवर अवलंबून आहे आणि तिसरी बहुधा सोडून द्यावी लागेल. तिन्ही एकाच नोटिशीत घातल्या, तर समोरचा वकील डब्यापासून सुरुवात करील आणि तुम्ही भांडी कशीही वापरता असे चित्र उभे करील. त्या चित्राचा फटका वाडग्याच्या दाव्याला बसेल.

वाडग्याबाबत विक्रेत्याचा बचाव मला आत्ताच दिसतो आहे. सोनेरी किनार म्हणजे धातू आणि धातू मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये हे सर्वांना ठाऊक असते, असे तो म्हणेल. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 87 मध्ये, धोका उघड किंवा सर्वसाधारणपणे माहीत असलेला असेल आणि त्याची सूचना दिली नसेल, तर त्या कारणाने उत्पादकाला जबाबदार धरता येत नाही अशा आशयाची तरतूद आहे, आणि वस्तूचा गैरवापर झाला असल्याचाही बचाव त्याच कलमात आहे. बचाव ऐकायला भक्कम वाटतो, पण तो एका चुकीच्या गृहीतकावर उभा आहे. सोनेरी दिसणारी प्रत्येक रेघ धातूची नसते. काही रेघा खऱ्या सोन्याच्या असतात. त्यांतला थर केसाहून शेकडो पटींनी पातळ असतो, पण तो सलग असल्यामुळे त्यातून वीज वाहते. मायक्रोवेव्हच्या लहरी त्यात प्रवाह निर्माण करतात, थर तापतो आणि जिथे तो तुटलेला किंवा झिजलेला असतो त्या फटीत ठिणगी उडते. उलट काही सजावटींमध्ये सोनेरी चमक धातूच्या सलग थराने न आणता रंगद्रव्याने आणलेली असते आणि अशी भांडी मायक्रोवेव्हमध्ये चालतात. हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. म्हणूनच तळाचा शिक्का महत्त्वाचा ठरतो: ज्या गोष्टीची पारख ग्राहकाला करता येत नाही, तिच्याबद्दल उत्पादकाने भांड्यावरच लिहून दिले आणि ग्राहक त्यावर विसंबला, तर ‘तुम्हाला कळायला हवे होते’ हे उत्तर दुबळे पडते.

रेघ धातूचीच होती हे मात्र तुम्हाला दाखवावे लागेल. सेटमधल्या न वापरलेल्या एखाद्या वाडग्यावर, रेघेवर थोड्या अंतराने मल्टिमीटरची दोन टोके टेकवा. प्रवाह वाहत असल्याचे मीटरने दाखवले, तर तो थर धातूचा आहे. मीटर गप्प राहिला, तर मात्र ‘धातू नाही’ असा निष्कर्ष काढू नका, कारण रेघेवर पारदर्शक लेपाचा थर असू शकतो किंवा रेघ मध्येच तुटलेली असू शकते. तडकलेल्या वाडग्याला हात लावू नका. तो धुऊ नका आणि तुकडे चिकटवू नका. घासून झिजलेली रेघ फिकट आणि बोथट होत जाते. ठिणगीने जळलेल्या रेघेत काळपट ठिपके, तुटक जागा आणि लेपातले बारीक खड्डे दिसतात. दोन्हींतला हा फरक सोबत मोजपट्टी ठेवून जवळून काढलेल्या छायाचित्रात स्पष्ट येतो. सदोषपणा चाचणीशिवाय ठरत नसेल, तर याच कायद्याच्या कलम 38 नुसार ग्राहक आयोग वस्तूचा नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि तेव्हा पाठवण्याजोगा तुकडा तुमच्याकडे असायला हवा.

आता पत्रकाचा मुद्दा. एकाच विक्रीत तळाचा शिक्का ‘चालेल’ म्हणतो आणि खोक्यातला कागद ‘चालणार नाही’ म्हणतो. परस्परविरोधी मजकूर ज्याने तयार केला, त्याच्याच विरुद्ध तो वाचावा, हे तत्त्व न्यायालये वापरतात. शिवाय कागद एकदा वाचून टाकून दिला जातो, शिक्का मात्र भांडे असेपर्यंत भांड्यावर राहतो. तरीही पत्रक मिळालेच नाही असे म्हणू नका, मिळाले असेल तर ते जपून ठेवा. सूचना कुठे छापली होती, अक्षरे किती लहान होती आणि ती सर्व नगांसाठी होती की काही नगांसाठी, यावर तिचे वजन ठरते.

नुकसान मांडताना एक बारकावा सांभाळावा लागतो. याच कायद्यात उत्पादन दायित्वासाठी, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईसाठी, ‘हानी’ची जी व्याख्या आहे तिच्यात सदोष वस्तूचे स्वतःचे नुकसान येत नाही, आणि निव्वळ वॉरंटीच्या अटींच्या भंगामुळे झालेले मालमत्तेचे नुकसानही वगळलेले आहे. त्यामुळे वाडग्याच्या किमतीचा परतावा ‘सदोष माल’ या नेहमीच्या तक्रारीखाली मागा. ओव्हनचे नुकसान मात्र ‘शिक्क्याचे वचन मोडले’ एवढ्याच आधारावर मागू नका. योग्य वापराची पुरेशी सूचना किंवा इशारा दिला नाही, या कलम 84 मधील स्वतंत्र कारणावर ते उभे करा. शिक्का आणि पत्रक एकमेकांना खोडत असल्याने हे कारण तुमच्याकडे आयतेच आहे. दावा मुख्यतः भांडी बनवणाऱ्यावर असेल. विक्रेत्याला पक्षकार करायचे झाल्यास कलम 86 पाहा: त्याने उत्पादकापेक्षा वेगळी हमी दिली असेल, उत्पादकाचा पत्ताच लागत नसेल किंवा उत्पादकाचा इशारा त्याने पुढे पोहोचवला नसेल, अशा परिस्थितीत तो अडकतो.

तुमच्या पत्रातली एक ओळ तुमच्या विरुद्ध जाते, आणि ती लपवू नये असा माझा सल्ला आहे. पहिल्या दिवशी चटचट ऐकूनही तुम्ही दुसऱ्या दिवशी तोच वाडगा पुन्हा ठेवलात. पहिला दिवस शिक्क्याचा म्हणता येईल, दुसऱ्या दिवसाच्या नुकसानीतला काही भाग आयोग तुमच्या पदरी टाकू शकतो. आवाज पदार्थाच्या उकळण्याचा वाटला असेल, तर तसे स्पष्ट लिहा. ठिणगी दिसली होती, तर तेही लिहा. उलटतपासणीत बाहेर येण्यापेक्षा आपण आधीच सांगितलेले बरे.

ओव्हनच्या कंपनीवर दावा करू नका. धातूची किनार असलेली भांडी वापरू नयेत असे माहितीपुस्तिकेत लिहिलेले असणे नेहमीचे आहे, आणि तसे असेल तर त्यांचा नकार टिकेल. पण त्यांच्या तंत्रज्ञाकडून लेखी अहवाल जरूर घ्या. आतल्या बाजूच्या भिंतीवर, जिथून लहरी आत येतात, तिथे अभ्रकाचा एक पातळ पत्रा असतो. तो तेवढाच जळला असेल, तर नुकसान त्या पत्र्याच्या बदलीइतकेच आहे, आणि पूर्ण ओव्हनची किंमत मागितल्यास तुमची विश्वासार्हता जाईल. लहरी निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन गेला असेल, तर चित्र वेगळे आहे.

काचेच्या बाउलकडे वळू. ‘मायक्रोवेव्ह सेफ’ म्हणजे लहरींनी ही काच स्वतः फारशी तापत नाही एवढेच. गरम पदार्थाने तापलेली काच ओल्या किंवा गार पृष्ठभागावर ठेवली, तर तिचा तळ एकदम आकसतो आणि बाकीचा भाग आकसत नाही, त्या ताणाने ती फुटते. साधी सोडा-चुन्याची काच तापमानाने बोरोसिलिकेट काचेच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावते, म्हणून तिला हा धक्का अधिक बसतो. भेग ओट्याला टेकलेल्या जागेतून सुरू झालेली दिसली, तर दोष बाउलचा आहे असे म्हणणे कठीण जाईल. मात्र त्याच्या सूचनांमध्ये ‘ओल्या किंवा गार जागी ठेवू नका’ असे वाक्य नसेल, तर इशारा न दिल्याचा मुद्दा उरतो. मी म्हटलेली अट हीच. सूचनापत्र शोधा, ते मिळेपर्यंत नोटीस काढू नका.

डब्याच्या तळाशी त्रिकोणात 5 हा आकडा असेल, तर तो पॉलिप्रोपिलीनचा आहे आणि साधारण 160 अंश सेल्सिअसला वितळतो. पाणीदार पदार्थ शंभर अंशांच्या आसपास अडतो, पण तेल आणि साखर त्याच्या बरीच वर जातात. म्हणून तेलकट पदार्थाच्या डब्यात वितळलेली रेषा बरोबर तेलाच्या पातळीवर उमटते. तुमच्या डब्यावर तशीच रेषा असेल, तर कारण तिथेच आहे. त्यातही तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो, मायक्रोवेव्हची हमी देत नाही. डब्यावर तशी हमी वेगळी छापलेली नसेल, तर ही तक्रार विसरा.

सेटमध्ये रेघ नसलेले नग असतील, तर ते तपासून पाहता येतात. मोठ्या कपात सुमारे 250 मिलिलिटर पाणी घ्या, शेजारी रिकामा कोरडा नग ठेवा आणि दुसऱ्या चालू ओव्हनमध्ये पूर्ण शक्तीवर एक मिनिट चालवा. पाणी कोमट आणि नग गार असेल तर ठीक. मग तोच नग रात्रभर पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा तसाच तपासा. आता तो तापत असेल, तर लेप न लागलेल्या तळकडेतून किंवा लेपातल्या बारीक भेगांतून त्याची माती पाणी शोषते आहे आणि शिक्का त्या नगाबाबतही खोटा आहे. हा निष्कर्ष तारखेसह लिहून ठेवा, तो तक्रारीत जोडता येईल. सोनेरी रेघेच्या नगांवर ही चाचणी अजिबात करू नका.

नोटीस भांडी बनवणाऱ्याच्या नावे, वाडग्यापुरतीच, बिलाची प्रत आणि शिक्क्याचे छायाचित्र जोडून पाठवा, आणि उत्तरासाठी पंधरा दिवस द्या. उत्तर आले नाही, तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी वाडगा फुटल्या दिवसापासून दोन वर्षांची मुदत आहे.